भरती-ओहोटीचं निवेदन : खुणांच्या नोंदी

३ मार्च

संहिता हाती आली. चार मिनिटांचा माहितीपट, विषय भरती-ओहोटी. चित्र आधीच कापून झालंय, म्हणजे आवाज चार मिनिटांतच बसवायचा, एक सेकंदही इकडे-तिकडे नाही. माझं काम संहितेवर खुणा करण्याचं आणि रेकॉर्डिंगच्या वेळी समोर बसून ऐकण्याचं. निवेदन करणाऱ्या ताईंबरोबर मी पहिल्यांदाच काम करतोय.

मजकूर मी स्वतः घड्याळ लावून मोठ्याने वाचला. काही न आळवता, न रेंगाळता ३ मिनिटं ४० सेकंद लागले. म्हणजे मुद्दाम थांबण्यासाठी, आळवण्यासाठी हाताशी फक्त २० सेकंद. हा आकडा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

आकडे सगळे अक्षरांत करून घेतले. मूळ कागदावर '१२ तास २५ मि.' असं होतं. माईकसमोर 'मि.' दिसलं की वाचणारा क्षणभर अडखळतोच, आणि ती अडखळ ध्वनिमुद्रणात विरामासारखी ऐकू येते. आता तिथे 'बारा तास पंचवीस मिनिटं' आहे.

४ मार्च

खुणांची पहिली फेरी. दुपारभर बसून चारही पानं रंगवली आणि संध्याकाळी मोजलं तर नुसत्या उभ्या रेघा, म्हणजे विराम, ६१ भरले. प्रत्येक विरामाला अर्धा सेकंद धरला तरी तीस सेकंद होतात. माझ्याकडे आहेत वीस. शिवाय ज्या मजकुरात दर सहा-सात शब्दांनी थांबा आहे तो शाळेच्या श्रुतलेखनासारखा वाटतो.

त्याहून वाईट जोरांचं. एका वाक्यात चार-चार शब्द अधोरेखित केले होते. वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्य तक्रार केल्यासारखं येत होतं. पानं बाजूला ठेवली. उद्या कोऱ्या प्रतीवर पुन्हा.

५ मार्च

आज नियम एकच ठेवला: एका वाक्यात एकच जोर. तो कुठे, हे ठरवायला वाक्यासमोर प्रश्न ठेवायचा. हे वाक्य कशाचं उत्तर देतंय? ज्या शब्दात उत्तर आहे तोच अधोरेखित करायचा.

(इथे टाइप करताना जोराचा शब्द « » अशा कंसात देतोय. कागदावर त्याच्याखाली रेघ आहे. / म्हणजे श्वास न घेता थांबणं, ✓ म्हणजे श्वास.)

पहिलंच वाक्य:

```
समुद्राचं पाणी दिवसातून «दोनदा» वर येतं
आणि दोनदा खाली जातं.
```

पहिल्या फेरीत मी दोन्ही 'दोनदा' अधोरेखित केले होते. पण पहिल्या 'दोनदा'ने बातमी दिली की दुसऱ्यात नवं काही उरत नाही, तिथे नवं आहे ते 'खाली'. आणि 'वर' नंतर 'खाली' आलं की आवाज आपसूक उतरतो, त्यासाठी खूण लागत नाही. एकदा सांगून झालेल्या शब्दावर पुन्हा जोर दिला की ऐकणाऱ्याला वाटतं, मघाशी काहीतरी निसटलं वाटतं आपल्याकडून.

दुसरं उदाहरण:

```
दोन भरत्यांमध्ये बारा तास «पंचवीस» मिनिटं जातात.
```

बारा तास ऐकणाऱ्याने मनात धरलेलेच असतात. दिवसातून दोनदा म्हटलं की तो हिशेब आपोआप होतो. बातमी आहे ती वरच्या पंचवीस मिनिटांची, कारण पुढच्या वाक्यात त्यांच्याचमुळे दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. जोर 'बारा'वर पडला तर ते पुढचं वाक्य उपटसुंभ वाटेल.

मराठीत आणखी एक भानगड आहे ती 'च' आणि 'ही'ची. लिहिणाऱ्याने 'च' लावला म्हणजे जोर लिहूनच दिलेला असतो. 'ते पुढेच येत राहतं' यात 'पुढेच' अधोरेखित केलं की कुणाला तरी दटावल्यासारखं ऐकू येतं. 'च' असलेल्या शब्दांखालच्या सगळ्या रेघा खोडल्या. बऱ्याच निघाल्या.

'ही'चं उलट. 'सूर्याचाही यात हात असतो' या वाक्यात जोर हवा आहे, पण तो 'सूर्या'वर. नुसत्या 'ही'वर दिला, किंवा त्याच्या आधी किंचितही थांबलं, तर कानाला ऐकू येतं 'सूर्याचा, ही यात...' आणि माणूस वाट बघतो की ही म्हणजे कोण. म्हणून रेघ 'सूर्याचा'खाली ओढून ती 'ही'पर्यंत न तुटता नेली.

६ मार्च

श्वासाच्या खुणा. विराम आणि श्वास एक नव्हेत हे माहीत असूनही पहिल्या फेरीत मी दोन्हींना एकच रेघ वापरली होती. थांबायचं कारण अर्थ असतो, श्वासाचं कारण फुप्फुसं. बहुतेक वेळा दोन्ही एकाच जागी जमतात, पण जिथे ऐकणाऱ्याला ताणून धरायचं असतं तिथे श्वास घेतला की ताण सुटतो. म्हणून दोन वेगळ्या खुणा.

श्वास कुठे नको हे आधी ठरवलं. 'चंद्राच्या' आणि 'ओढीमुळे' यांच्यामध्ये नको. 'पृथ्वीच्या' आणि 'ज्या बाजूला' यांच्यामध्ये नको. बाकीचं वाक्य म्हणून झाल्यावर एकटं क्रियापद पलीकडे टाकेल असा तर मुळीच नको, कारण मग 'जातं' किंवा 'फुगतं' हा शब्द नवं वाक्य सुरू झाल्यासारखा येतो.

सगळ्यात अवघड वाक्य दुसऱ्या पानावर आहे, २८ शब्दांचं. माझ्या वाचनात त्याला जवळपास चौदा सेकंद लागतात. एका दमात म्हणता येईल, पण ऐकताना धाप लागलेली कळते. खुणा अशा केल्या:

```
चंद्र पृथ्वीच्या ज्या बाजूला असतो, त्या बाजूचं पाणी
त्याच्याकडे ओढलं जातं हे आपल्याला सहज पटतं, ✓
पण नेमक्या / «विरुद्ध» बाजूलाही पाणी
जवळजवळ तेवढंच फुगतं, हे मात्र पटकन पटत नाही.
```

श्वास 'पण'च्या आधी. बरेच जण तो 'पण' म्हणून झाल्यावर घेतात. तसं केलं की 'पण' मागच्या वाक्याची शेपटी होतं आणि पुढे उसळी राहत नाही. 'विरुद्ध'च्या आधीचा थांबा कोरडा, श्वास रोखून. पाव सेकंद पुरे.

७ मार्च

ताईंना प्रत पाठवली, संध्याकाळी फोनवर बोललो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे 'चंद्रा पृथ्वीच्या' काय आहे?" मला कळेना. मग पान काढलं. 'चंद्र' या शब्दाला चिकटून मी मागाहून विरामाची उभट रेघ मारली होती. देवनागरीत शब्दाला चिकटलेली उभी रेघ म्हणजे काना, दुसरं काय!

तशीच गत जोराच्या रेघेची. 'फुगतं'खालच्या रेघेने उकार गिळला होता, 'पृथ्वी'खालच्या रेघेत ऋकार दिसेनासा झाला होता. आणि ओळीच्या वर केलेल्या टिका वेलांटी-मात्रांच्या गर्दीत हरवल्या होत्या. रोमन लिपीच्या संहितांवर या खुणा सर्रास चालतात, कारण त्या अक्षरांच्या वर-खाली एवढा पसारा नसतो.

ताईंनी त्यांची पद्धत सांगितली. अक्षर सोळा पॉइंटचं, दोन ओळींत एक कोरी ओळ, आणि दोन शब्दांतली जागाही नेहमीपेक्षा जास्त. विरामाची रेघ लांब, तिरकी, ओळीच्या वरपासून खालपर्यंत, आणि लाल. जोराची रेघ अक्षरापासून बोटभर खाली, म्हणजे उकारांच्याही खाली. श्वासाची टिक कोऱ्या ओळीत. सगळं पेन्सिलीने, कारण स्टुडिओत निम्म्या खुणा बदलतात. वर म्हणाल्या, "वाक्य पानाच्या तळाला तोडू नका. पान उलटायचं म्हणजे आवाज होतो आणि माझं अर्धं लक्ष हाताकडे जातं." पुन्हा छापलं. चाराची सहा पानं झाली, एकाच बाजूला छापलेली.

९ मार्च

तिसरा भाग, सूर बदलण्याचा. इथपर्यंत निवेदन समजावून सांगण्याचं आहे, मग एकदम:

```
पौर्णिमेची रात्र आहे. किनारा रिकामा आहे.
पाणी नेहमीच्या खुणेपाशी थांबत नाही,
ते पुढेच येत राहतं.
```

आणि त्यानंतर लगेच पुन्हा समजावणं: सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांची ओढ जुळते, ही उधाणाची भरती.

समासात मी लिहिलं होतं 'गूढ'. फोनवर ताईंनी वाचून दाखवलं आणि भुताची गोष्ट झाली. चूक त्यांची नाही. 'गूढ' हा परिणाम आहे. तो ऐकणाऱ्याच्या मनात व्हायला हवा, वाचणाऱ्याने तो करून दाखवायचा नसतो. वाचणाऱ्याला करता येईल असं काहीतरी लिहायला हवं: आपण कुणाशी बोलतोय, किती जवळून, किती घाईत. 'गूढ' खोडून लिहिलं, 'शेजारी उभ्या माणसाशी, हलक्या आवाजात, घाई नाही.' दुसऱ्यांदा बरोबर आलं.

११ मार्च

रेकॉर्डिंगचा दिवस. पहिला अर्धा तास आवाजाची पातळी बसवण्यात गेला. माईकपासून तोंड एक वीत.

पहिलं पान एका दमात झालं. दुसऱ्या पानावर ते २८ शब्दांचं वाक्य आलं. ऐकताना ठीक वाटलं, मी मान डोलावली, पुढे निघालो. रेकॉर्डिस्टने काच ठोठावली. त्याच्या पडद्यावर वाक्याचा शेवट जवळजवळ सपाट रेघ होती. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर लावून ऐकलं: 'हे मात्र पटकन पटत...' आणि पुढे नुसती हवा. 'नाही' गेलं होतं.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि श्वासही तिथेच संपतो, हे दोन्ही मला माहीत होतं. पण कागदावर एकत्र पाहिलं नव्हतं. 'नाही' गिळलं गेलं की वाक्य उलटं होतं, आणि समोर बसून ऐकणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्या हातात कागद असतो आणि तो कानाने कमी, डोळ्यांनी जास्त ऐकतो. मी नेमकं तेच करत होतो. पुढच्या टेकपासून पान उपडं घातलं.

कारण शोधलं. 'पण'पासून 'नाही'पर्यंत तेरा शब्द. तसे फार नव्हेत, पण मध्ये कोरडा थांबा आहे आणि एक जोर आहे. कोरड्या थांब्यात हवा कोंडलेली असते, भरली जात नाही. जोराचा शब्द लांबतो आणि नेहमीपेक्षा जास्त हवा खातो. ताईंनी स्वतःहून 'जवळजवळ'ही आळवलं होतं. शेवटच्या दोन शब्दांना काही उरलंच नाही.

पहिला उपाय म्हणून शेवटावर जोराची रेघ दिली. त्यांनी 'नाही' जोरात म्हटलं आणि वाक्य भांडणासारखं संपलं. म्हणजे दुखणं शेवटी दिसत होतं पण होतं आधी. मग 'फुगतं' नंतर छोटा श्वास दिला. पूर्ण नव्हे, तोंड किंचित उघडं ठेवून झटकन घेतलेला, त्याला आम्ही चोरटा श्वास म्हणतो:

```
पण नेमक्या / «विरुद्ध» बाजूलाही पाणी
जवळजवळ तेवढंच फुगतं, (✓) हे मात्र पटकन पटत नाही.
```

कंसातली टिक म्हणजे चोरटा. 'हे मात्र' मागच्या सगळ्याला उद्देशून आहे म्हणून मी ते जोडून ठेवलं होतं. पण त्या इवल्या श्वासाने जोड तुटला नाही, उलट 'हे मात्र' नीट उचललं गेलं. तिसऱ्या टेकला 'नाही' कुठलाही जोर न देता स्वच्छ आलं.

मग उरलेल्या पानांवर 'नाही', 'नसतो', 'नको' असे शेवट शोधले आणि तिथून मागे मोजत गेलो, शेवटचा श्वास किती दूर आहे ते. दोन ठिकाणी नवी चोरटी टिक द्यावी लागली. ही मोजणी घरीच करायला हवी होती.

जेवणानंतर पौर्णिमेची रात्र. सूर छान लागला, ताई आपसूक माईकच्या जवळ सरकल्या, चार बोटांवर. जवळ आलं की या प्रकारच्या माईकला खर्ज जास्त लागतो, त्यामुळे आवाज कानाशी आल्यासारखा वाटतो. ते हवंच होतं. पण 'पौर्णिमेची' आणि 'पाणी' यांच्या 'प'ने दोनदा धप्प आवाज केला. ओठांतून सुटलेला वारा सरळ माईकवर आदळतो, पुढची जाळी एवढ्या जवळून तो पुरता अडवत नाही. रेकॉर्डिस्टने माईक जरा तिरका केला, म्हणजे वारा बाजूने जाईल. मी त्या ओळींतल्या प्रत्येक 'प'भोवती बारीक गोल केला आणि समासात 'जवळ' लिहिलं. पुढच्या वेळी ही खूण आधीच असेल, कारण सूर बदलतो तिथे अंतर बदलतं आणि अंतर बदललं की रेकॉर्डिस्टला पातळीही बदलावी लागते. त्याच्या प्रतीवरही तीच खूण हवी.

खरी गडबड त्यानंतर. 'सूर्य, चंद्र आणि पृथ्वी'पासून समजावणीचा सूर परत यायला हवा होता, पण ताई ते सगळं तशाच हलक्या आवाजात वाचत गेल्या. उधाणाच्या भरतीचं कारण गुपितासारखं कानात सांगितलं गेलं. माझ्या कागदावर सूर सुरू होण्याची खूण होती, संपण्याची नव्हती. समासात उभा कंस काढला, वरचं टोक 'पौर्णिमेची'शी, खालचं 'राहतं'शी, आणि खाली लिहिलं 'परत वर्गात'. त्या दोन वाक्यांमध्ये दीड सेकंद पूर्ण शांतता ठेवायला सांगितलं. चित्रात तिथे भरपूर जागा आहे, आणि तेवढ्यात ताईंना वीतभर मागे सरकता येतं.

निघण्याआधी सगळे गप्प बसून खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड केला. संकलनात फटी भरायला.

१२ मार्च

संकलन. एकूण लांबी ३ मिनिटं ५७ सेकंद, बसलं.

एका ठिकाणी रेकॉर्डिस्टने श्वास पूर्ण कापून टाकला होता, 'पण'च्या आधीचा. तिथे खोलीच्या आवाजाची फट होती, तरी कानाला खटकत होतं. आधीचं वाक्य संपतं आणि 'पण' भरल्या छातीने सुरू होतं, मधला श्वास कुठे गेला? ऐकणारा सांगू शकणार नाही, पण जोड त्याला जाणवतो. श्वास परत आणला आणि नुसता हलका केला, मूळच्या साधारण निम्म्या आवाजावर. चोरटे श्वास तर तसेच ठेवले. फक्त कोरड्या थांब्यांत कुठे ओठांची चुटपूट होती ती काढली.

१४ मार्च

एका वाक्याची दुरुस्ती निघाली. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला येते ती भांगाची भरती, तिच्या वाक्यात विषयतज्ज्ञांनी एक शब्द बदलला. ताई पुन्हा आल्या. तोच माईक, तेच अंतर, तरी आवाज वेगळा लागला, सकाळचा होता म्हणून जरा जड.

आधीची दोन वाक्यं हेडफोनमधून ऐकवली आणि मग त्या दोन वाक्यांपासूनच वाचायला सांगितलं, हवं होतं ते तिसरं. थेट हव्या त्या वाक्यापासून सुरुवात केली की ते पहिल्या वाक्यासारखं ताजं, उंच लागतं, मधल्यासारखं नाही. चौथ्या टेकला जुळलं.

जाताना ताईंनी त्यांची प्रत मागितली नाही, मीच ठेवून घेतली. दुसऱ्या पानावरच्या त्या मोठ्या वाक्यात आता माझ्या चार खुणा आहेत आणि 'जवळजवळ'खाली त्यांनी स्वतः काढलेली एक छोटी फुली. विचारलं तर म्हणाल्या, "इथे मला लाडात यायचा मोह होतो. येऊ नये म्हणून."